सोफ्याला तेल पाजावे का?

सातारा-सांगलीकडे चामड्याचा सोफा कोरडा पडून तडकायला लागला की घरातून पहिला सल्ला येतो तो तेलाचा. खोबरेल लावा, एरंडेल लावा, रात्रभर मुरू द्या. सल्ला देणारे बहुतेक वेळा घरातले वडीलधारे असतात आणि त्यांच्या पाठीशी अनुभव असतो. करकरीत, कडक झालेली कोल्हापुरी चप्पल तेल पाजल्यावर पुन्हा मऊ पडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. चप्पल चामड्याची, सोफाही चामड्याचा, मग उपाय एकच का नको? जुना सोफा सावरण्याच्या सगळ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. म्हणून आधी ही दोन कातडी वेगळी कशी, ते पाहू.

कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातले चार जिल्हे आहेत: कोल्हापूर, सोलापूर, सांगली आणि सातारा. म्हणजे चपलेच्या कातड्याची जाण ही या भागाची स्वतःची जाण आहे. हे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावले जाते. ढोर समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले. साल आणि हिरड्यातला तुरट अंश कातड्याच्या तंतूंत मुरतो, तंतू कुजत नाहीत आणि जाड, भरीव, टिकाऊ चामडे तयार होते. त्यावर रंगाचा जाड थर नसतो. वरची छिद्रे उघडी असतात, म्हणून तेल लावले की ते आत जाते, तंतूंमध्ये पसरते आणि एकमेकांना घासणारे तंतू सहज सरकू लागतात. चपलेला तेल पाजणे हे त्यामुळे अगदी शास्त्रशुद्ध काम आहे.

सोफ्याचे कातडे दुसऱ्याच वाटेने येते. अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत जगभरचा चामड्याचा धंदा तिकडे वळला. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ही पद्धत रुजवली. क्रोमने कमावलेले कातडे पातळ, मऊ आणि लवचिक होते, उष्णताही चांगली सोसते. सोफ्याचे चामडे बहुतेक याच जातीचे, साधारण एक ते दीड मिलिमीटर जाडीचे. त्याचा मऊपणा कारखान्यातच ठरतो. कातडे ओले असताना, मोठ्या फिरत्या पिंपात, पाण्यात मिसळणारे तेल त्याच्या तंतूतंतूवर चढवतात. नंतर कातडे वाळले तरी तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. घरी वरून चोळलेले तेल ती जागा पुन्हा भरून काढू शकत नाही, कारण तंतू आता कोरडे आणि बंदिस्त असतात.

बंदिस्त म्हणण्याचे कारण वरचा थर. घरोघरी दिसणाऱ्या चामड्याच्या सोफ्यांपैकी बहुतेकांवर रंगद्रव्य आणि ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा लेप असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, पण भिंतीवरच्या ऑइल पेंटसारखा तो आतल्या कातड्याला झाकून टाकतो. आपण सोफ्यावर हात फिरवतो तेव्हा हात या लेपावर फिरतो. आपण पुसतो तो लेप, खरचटतो तो लेप, आणि पहिल्यांदा तडकतो तोही लेपच. तेल त्याच्यावर तरंगत राहते. जिथे तडा गेला आहे तिथून मात्र ते आत शिरते, तड्याच्या कडांखाली पसरते आणि लेपाची कातड्यावरची पकड सैल करते. महिन्या-दोन महिन्यांनी तड्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि घरातले म्हणतात, सोफ्याचा माल वाईट होता.

खोबरेलाची आणखी एक अडचण आपल्या हवेत हमखास दिसते. ते साधारण चोवीस अंशांखाली गोठते. साताऱ्याच्या हिवाळ्यात बाटलीतले तेल पांढरे घट्ट होते, तसेच ते सोफ्याच्या शिवणींत आणि बारीक रेघांतही होते. जवसाचे तेल त्याहून वाईट, कारण ते हवेत सुकून कडक पापुद्रा धरते. रंगकामात ते वापरतात ते याच गुणासाठी. ऑलिव्ह तेलात व्हिनेगर घालून चोळायची कृतीही बरीच फिरते. लेपावर तिचा चकचकीतपणा दोन दिवस टिकतो, मग त्यावर धूळ बसते. बुटाचे मेणाचे पॉलिश तर सोफ्यासाठी नाहीच. त्याचा रंग बसणाऱ्याच्या कपड्यांवर उतरतो.

तेलाबद्दलचा हा वाद घरापुरता नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत चामडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांना तेल-मेणाचे मलम लावायची रीत विसाव्या शतकात बराच काळ होती. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखले जाणारे, लॅनोलिन आणि मधमाशांच्या मेणाचे मलम त्यात विशेष प्रसिद्ध. पुढे जतन करणाऱ्यांच्याच लक्षात आले की या मलमांनी कातडे काळवंडते, चिकट होते, धूळ धरते आणि आधीच कुजत असलेले चामडे त्याने वाचत नाही. त्यामुळे आज त्या क्षेत्रात सरसकट मलम लावण्याकडे संशयाने पाहिले जाते. काचेच्या कपाटातले पुस्तक आणि रोज माणसे बसतात तो सोफा यांची गरज सारखी नाही, हे मान्य. वाकणाऱ्या, घासल्या जाणाऱ्या चामड्याला थोडा ओशटपणा लागतोच. पण त्या अनुभवातून माझ्या मते एक गोष्ट पक्की होते: वरून लावलेले स्निग्ध द्रव्य कातड्याचे वय मागे नेत नाही. क्रीम लावून आपण पुढचा तडा लांबवतो, गेलेला तडा भरत नाही.

मग सोफा कोरडा पडतो म्हणजे नेमके काय होते? तीन गोष्टी एकत्र घडतात. चामडे आपल्या भोवतीच्या हवेतला ओलावा घेते आणि सोडते. मार्च ते मेमध्ये, विशेषतः आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, माण, खटाव या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, दुपारची हवा फार शुष्क होते आणि कातड्यातले पाणी कमी होऊन ते ताठरते. हा भाग उलटवता येतो. हवा बदलली की ओलावा परत येतो. दुसरी गोष्ट, कारखान्यात चढवलेले तेल वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने हळूहळू सरकते, उडते, बदलते. हा भाग थोडाफार सावरता येतो. तिसरी गोष्ट, वरचा लेप ऊन आणि घर्षणाने ठिसूळ होतो. हा भाग उलटवता येत नाही, त्यावर नवा लेपच द्यावा लागतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवलेल्या सोफ्याची एकच बाजू आधी का तडकते, याचे उत्तर या तिसऱ्या गोष्टीत आहे.

घरातल्या सवयी यात भर घालतात. डोके टेकतो तिथे केसांचे तेल, हात ठेवतो तिथे घाम. दोन्ही लेपात मुरून तो मऊ आणि चिकट करतात, आणि पुढे तो सोलवटून निघतो. काच पुसायचा स्प्रे, फिनेल, अल्कोहोलचा सॅनिटायझर, बाळांचे ओले रुमाल या सगळ्यांनी रोज पुसलेला सोफा बाहेरून स्वच्छ दिसतो आणि आतून उघडा पडत जातो. कोरोनाच्या काळात सॅनिटायझरने पुसलेल्या हातांच्या जागा अनेक घरांत पांढुरक्या झाल्या, ते रंग विरघळल्यामुळे.

कामाला हात घालण्याआधी एक तपासणी करावी, कारण पुष्कळ सोफे अर्धेच चामड्याचे असतात. बसायची जागा आणि पाठीची पुढची बाजू चामड्याची, आणि कडेला, मागे रेक्झिन, ही रीत सर्रास आहे. सीटची चेन उघडून किंवा खालचे कापड थोडे सैल करून मागची बाजू पाहावी. चामड्याची मागची बाजू लवदार, तंतुमय, मखमलीसारखी दिसते. मागे विणलेले किंवा जाळीदार कापड दिसले तर ते रेक्झिन किंवा पीयू. मागे सारख्या जाडीचा, कागदासारखा राखाडी-तपकिरी थर दिसला, तर तो चामड्याच्या चुऱ्याला डिंकाने बांधून केलेला माल असण्याची शक्यता मोठी. पीयू आणि हा चुऱ्याचा माल दमट हवेत काही वर्षांत पोपडे धरतात, कारण पॉलियुरेथेन पाण्याच्या वाफेने तुटत जाते. महाबळेश्वर, पाचगणी, कोयनेच्या बाजूच्या पावसाळी हवेत हे लवकर घडते. अशा पोपड्यांवर कोणतेही क्रीम, कोणताही रंग टिकत नाही, आणि त्यावर पैसे घालू नयेत हे मी अगदी स्पष्ट सांगेन.

खरे चामडे असेल तर दुसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. न दिसणाऱ्या जागी एक थेंब ठेवून मिनिटभर थांबावे. थेंब तसाच मण्यासारखा राहिला तर वर लेप आहे. थेंब आत शिरून डाग गडद झाला तर कातडे उघडे, म्हणजे ॲनिलिन जातीचे, आणि त्याला साबण, पाणी, क्रीम सगळेच फार बेताने लावायचे. इथून पुढे लेप असलेल्या सोफ्याबद्दल बोलतो, कारण आपल्या दिवाणखान्यांत तोच जास्त सापडतो.

उदाहरणासाठी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमधला असा सोफा समोर ठेवू. तीन जणांचा, कॉफी रंगाचा, दहा-बारा वर्षांचा. पश्चिमेला मोठी खिडकी. खिडकीकडच्या सीटच्या पुढच्या कडेवर जाळीदार बारीक तडे, त्यातले दोन-तीन खोल, आत फिकट तंतू दिसतात. मधल्या सीटवर नुसता कोरडेपणा आणि पांढुरक्या घड्या. डोके टेकायच्या जागी चिकट काळपट पट्टा. उजव्या हातावर खेळण्याचे की पिशवीच्या चेनचे ओरखडे. एकाच सोफ्यावर चार वेगळे आजार आहेत, आणि सगळीकडे एकच क्रीम फासणे ही इथली नेहमीची चूक.

सुरुवात धूळ काढण्यापासून. व्हॅक्यूमला मऊ ब्रश लावून किंवा रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने शिवणी आणि सीटमागच्या फटी झाडून घ्याव्यात. तड्यांत बसलेली रेती पुसण्याच्या ओघात घासपट्टीसारखे काम करते, म्हणून ही पायरी गाळू नये. मग पुसण्याचे पाणी. सांगलीच्या बऱ्याच भागांत बोअरचे पाणी जड आणि खारट आहे. ते वाळल्यावर तड्यांत पांढरे क्षार सोडते. त्यामुळे फिल्टरचे पाणी घ्यावे, कोमट, एक लिटर. त्यात चामड्यासाठीचा क्लीनर त्याच्या बाटलीवरच्या प्रमाणात, आणि तो नसेल तर सौम्य बेबी शाम्पू अर्धा चमचा. अंगाचा साबण आणि कपड्यांची पावडर दोन्ही अल्कधर्मी असतात, त्यांचा पीएच नऊ-दहाच्या पुढे जातो. क्रोमचे चामडे स्वतः आम्लधर्मी, चार-पाचाच्या आसपासचे. या दोघांचा सतत संबंध आला तर कातड्यातले तेल आणि रंग दोन्ही सैल होतात.

पाणी घुसळून फेस करायचा आणि स्पंजने फक्त फेस उचलायचा. पाणी सोफ्यावर ओतायचे नाही, शिंपडायचेही नाही. एका वेळी एकच भाग घ्यायचा, म्हणजे एक सीट, एक पाठ, एक हात. हलक्या हाताने गोल फिरवून, लगेच स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या कापडाने पुसून घ्यायचे, मग कोरड्याने. कापड पांढरे हवे, कारण त्यावर काय येते ते पाहायचे असते. राखाडी-काळे आले तर मळ. सोफ्याच्या रंगाचे, इथे कॉफी रंगाचे, आले तर लेप विरघळतो आहे आणि तिथे थांबायचे. आपल्या उदाहरणात डोके टेकायच्या जागी हेच होईल. तिथला चिकटपणा म्हणजे तेलाने मऊ झालेला लेप. तो घासून निघतो, पण त्याच्यासोबत रंगही जातो. म्हणून तिथे मळ निघेल इतकेच पुसावे, आणि पुढे त्या जागेला रंग द्यावा लागणार हे धरून चालावे.

पुसून झाल्यावर सोफा सावलीत, खिडक्या उघड्या ठेवून, एक रात्र सुकू द्यावा. उन्हात ओढू नये, हेअर ड्रायर मारू नये, पंखा मंद असला तर हरकत नाही. ओल्या कातड्यावर क्रीम लावले तर ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात तिथे बुरशी धरते.

दुसऱ्या दिवशी क्रीम. पाण्यात मिसळलेले, सौम्य, सिलिकॉन नसलेले लेदर कंडिशनर घ्यावे. सिलिकॉनने चकाकी छान येते, पण पुढे कधी रंग द्यायचा झाला तर तो धरत नाही. आधी सोफ्याच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात लावून दिवसभर पाहावे की रंग गडद होतो का. मग एका सीटला साधारण एक चहाचा चमचा, जुन्या सुती बनियनच्या कापडावर घेऊन. थेट सोफ्यावर ओतले की तिथे डाग पडतो. तीन जणांच्या सोफ्याला सगळे मिळून पन्नास-साठ मिली पुरते. पातळ थर द्यायचा, अर्धा-एक तास थांबायचे आणि वर राहिलेले सगळे कोरड्या कापडाने पुसून काढायचे. फार कोरड्या जागेला दुसऱ्या दिवशी आणखी एक पातळ थर. एक जाड थर दोन पातळ थरांची बरोबरी करत नाही, कारण आत जाऊ शकते तेवढेच जाते आणि बाकीचे वर राहून धूळ धरते.

पुरेसे झाले हे कसे ओळखायचे? मधल्या सीटवर दुसऱ्या दिवशी बोट दाबून घडी घाला. घडीतली पांढुरकी रेघ आधीपेक्षा फिकी दिसते, कापड अडखळत नाही, हाताला ओशट लागत नाही. बोटाने ओढलेली रेघ उमटली तर क्रीम जास्त झाले. पुन्हा कोरड्या कापडाने पुसावे. मधली सीट इथे बरी होईल, कारण तिचा आजार कोरडेपणाचाच होता. खिडकीकडच्या कडेला क्रीम लावले तर बारीक जाळी थोडी कमी दिसेल, पण खोल तडे तसेच राहतील. त्यांच्यात तंतू तुटलेले आहेत, आणि तुटलेला तंतू जुळत नाही.

त्या खोल तड्यांचे काम वेगळे आहे आणि त्याचा क्रमही वेगळा आहे. भरण आणि रंग ओशट पृष्ठभागावर धरत नाहीत. म्हणून जिथे रंगकाम करायचे ठरले आहे तिथे क्रीम आधी लावू नये. आपल्या सोफ्यावर खिडकीकडची कड आणि डोक्याचा पट्टा क्रीममधून वगळायचा होता, आणि स्वच्छता झाल्याबरोबर हे ठरवून टाकायला हवे. बाजारात लेदर बाइंडर, लेदर फिलर, पाण्यात मिसळणारा लेदर कलर आणि वरचा पारदर्शक लेप असे चार डबे मिळतात. गाड्यांच्या सीटचे काम करणाऱ्यांकडे यातले बरेच असते.

आधी कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तेवढीच जागा हलके पुसायची, म्हणजे तेलाचा अंश जातो. सॅनिटायझरला वर नावे ठेवली, ती रोजच्या पुसण्यासाठी. इथे आपल्याला लेपावरचा ओशट थर मुद्दाम काढायचा आहे. मग सहाशे नंबरच्या सँडपेपरने तड्यांच्या उचललेल्या कडा बसवायच्या, फार जोर न लावता. धूळ पुसून बाइंडरचा पातळ थर स्पंजने टिपायचा. बाइंडर दुधासारखा पातळ ॲक्रिलिक असतो, तो तड्यातल्या सैल तंतूंना एकत्र बांधतो. प्रत्येक थर सुकू देत चार-पाच थर. बारीक जाळीच्या तड्यांना एवढेच पुरते, फिलर लागतच नाही, आणि इथे घाई करून फिलर भरणारे लोक काम बिघडवतात.

फिलर फक्त त्या दोन-तीन खोल तड्यांत. कातडे हाताने थोडे ताणून तडा उघडायचा, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने अगदी थोडे भरायचे, वरचे खरवडून घ्यायचे. एक थर सुकल्यावर दुसरा, गरज पडली तर तिसरा. एकदम जाड भरले तर वरून सुकते, आत ओले राहते, आणि माणूस बसल्यावर पहिल्याच वाकणीला भरण तुटून निघते. पुढची कड म्हणजे सीटचा सर्वांत वाकणारा भाग, म्हणून इथे लवचिक फिलरच हवा. भिंतीची पुट्टी किंवा लाकडाची लांबी भरून पाहणाऱ्यांच्या सोफ्यावर काही दिवसांत पांढरा चुरा पडतो.

रंग जुळवणे हे मला या सगळ्यात अवघड वाटते. ओला रंग आणि सुकलेला रंग सारखा दिसत नाही, आणि दहा वर्षांच्या सोफ्याचा रंग डब्यावरच्या कॉफीपेक्षा फिका पडलेला असतो. सीटखालची न विटलेली पट्टी पाहून रंग ठरवला तर तो वरच्या विटलेल्या भागावर गडद दिसेल. म्हणून डोळ्यांसमोरच्या जागेलाच नमुना धरावा, कागदाच्या तुकड्यावर रंग लावून सुकवून शेजारी ठेवून पाहावा, दिवसाच्या उजेडात. रंग ब्रशने ओढू नये, रेघा दिसतात. ओलसर स्पंजने टिपत जावे, थर पातळ, तीन-चार, आणि कडा शेजारच्या रंगात विरत न्याव्यात. कड आणि डोक्याचा पट्टा दोन्हीकडे हेच. शेवटी पारदर्शक मॅट लेपाचे दोन थर. दिवसभर कुणी बसू नये, आणि आठवडाभर तिथे ना पुसणे, ना क्रीम.

उजव्या हातावरचे ओरखडे मात्र सोपे. नखाने किंवा चेनने लेप दाबला गेला असेल आणि रंग शाबूत असेल, तर थोडे क्रीम बोटाने गोल चोळून ती जागा बरीचशी मिटते. बोटाची ऊब इथे कामाला येते. रंग गेला असेल आणि आतले फिकट चामडे दिसत असेल, तर वर सांगितलेला अल्कोहोल, रंग, लेप हाच क्रम, फक्त बारीक ब्रशच्या टोकाने आणि ओरखड्यापुरताच. मांजराच्या नखांनी तंतू वर आले असतील तर ते ओढू नयेत, बारीक कात्रीने पृष्ठभागाशी समांतर कापावेत, मग बाइंडरने बसवावेत. कापड दिसेपर्यंत आरपार फाटले असेल तर आतून तुकडा चिकटवावा लागतो, आणि ते काम कुशनवाल्याला दिलेले चांगले. शिवणीवर ताण येणाऱ्या जागेला घरच्या फिलरने टिकाव नाही.

पावसाळ्यानंतर सोफ्यावर पांढरा थर दिसला तर लगेच बुरशी म्हणून औषध मारू नये. चामड्यातले तेलकट अंश वर येऊनही असाच पांढरा थर बसतो, विशेषतः ज्याला आधी तेल पाजलेले असते अशा सोफ्यावर. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, एक हात अंतरावरून दोन-चार क्षण फिरवून पाहावा. थर वितळून दिसेनासा झाला तर तो तेलकट अंश. कोरड्या कापडाने पुसून भागते. तसाच राहिला, वास आला, ठिपक्यांसारखा पसरला तर बुरशी. ती घरात झाडू नये, तिचे कण खोलीभर पसरतात. सोफा गच्चीत किंवा व्हरांड्यात नेऊन मऊ ब्रशने झाडावा, फेसाने पुसावा, सावलीत पुरता सुकवावा आणि परत ठेवताना भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा. महाबळेश्वरच्या बंगल्यांत, जिथे पावसाळ्यात खोल्या महिनोन्‌महिने बंद असतात, तिथे क्रीमपेक्षा ही वीतभर मोकळी हवा जास्त काम करते.

या हवेत क्रीमला वर्षातून दोन वेळा पुरे आहेत: एकदा पावसाळा सरून हवा कोरडी व्हायला लागते तेव्हा, दिवाळीच्या साफसफाईत, आणि एकदा उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारीत. जूनमध्ये लावू नये. त्या दमट हवेत चामड्याला ओलाव्याची गरज नसते आणि वर राहिलेले क्रीम बुरशीचे खाद्य होते.

सांगलीला एक वेगळा सोफाही माहीत आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरात घराघरांत पाणी शिरले, आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी सोफे रस्त्यावर उन्हात काढले. पुरात बुडालेल्या सोफ्याला वरची कुठलीच कृती लागू पडत नाही. फोमने गाळ आणि सांडपाणी शोषलेले असते, आतले लाकूड किंवा प्लाय फुगलेले असते, आणि कडक उन्हात घाईने सुकवलेले चामडे आकसून शिवणींवर ओढले जाते. फोम टाकून द्यावाच लागतो. चामडे वाचवायचे असेल तर ते सांगाड्यावरून उसवून, स्वच्छ पाण्याने गाळ काढून, सावलीत सपाट पसरून, अधूनमधून हाताने मऊ करत हळूहळू सुकवायचे, आणि मग कुशनवाल्याकडून नव्या फोमवर चढवून घ्यायचे. हा खर्च फक्त तेव्हाच करावा जेव्हा मागची बाजू पाहून ते खरे, जाड चामडे आहे अशी खात्री असते. विश्रामबागेतल्या त्या तीन जणांच्या सोफ्यावर अशी वेळ आली, तर बसायच्या तीन सीट आणि पाठीचे चामडे उतरवून घेण्यासारखे आहे. कडेला आणि मागे रेक्झिन असेल तर ते तिथेच सोडून द्यावे.